ट्रॉलीच्या गालिच्याखालचं पाकीट: एका बेल बॉयने लावलेला माग

हॉटेलात पाहुण्याची वस्तू राहिली तर ती बहुतेक वेळा खोलीतच सापडते. उशीखाली, बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवर, नाहीतर कपाटातल्या छोट्या तिजोरीत. तिचा मालक शोधावा लागत नाही, कारण खोली क्रमांक बघितला की नाव समोर येतं. खरी पंचाईत होते ती वस्तू लॉबीत, पोर्चमध्ये किंवा लिफ्टपाशी सापडली की. तिथून सकाळच्या चेकआउटच्या वेळी सगळं हॉटेल पुढे गेलेलं असतं आणि ती वस्तू कुणाचीही असू शकते.

हे प्रकरण अशाच एका पाकिटाचं आहे. ते शोधून पोचवणारा मुलगा माझ्याकडे फ्रंट ऑफिस शिकून गेलेला. त्याने सगळं मला सांगितलं, नंतर त्याच्या ड्यूटी मॅनेजरनेही सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात कुठे तफावत नव्हती. हॉटेलचं आणि माणसांचं नाव मी इथे देत नाही.

डिसेंबर 2019, बुधवार. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. डिसेंबर म्हणजे वेरूळ-अजिंठ्याचा ऐन सीझन. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, त्यामुळे बुधवारी दोन्हीकडे जाणाऱ्यांची एकच झुंबड उडते. त्या सकाळी हॉटेलातून जपानी पर्यटकांचा एक ग्रुप वेरूळला निघाला. तो संध्याकाळच्या विमानाने मुंबईला जाणार होता. त्याशिवाय काही व्यापारी पाहुणे आणि एकटेच फिरणारे एक जपानी आजोबा बाहेर पडले. आजोबा सामानासकट टॅक्सीने अजिंठ्याला, तिथून जळगाव आणि रात्रीच्या गाडीने भोपाळ. त्यांना सांचीचा स्तूप बघायचा होता. ज्यांना अजिंठ्याहून उत्तरेकडे जायचं असतं ते परत शहरात येत नाहीत, जळगावलाच गाडी धरतात.

पावणेअकराच्या सुमाराला पोर्च शांत झाला तेव्हा आमच्या मुलाने सामानाच्या ट्रॉलीचा गालिचा झटकायला घेतला. पितळी दांड्यांची, वर कपडे अडकवायला आडवा बार असलेली ही ट्रॉली असते. तिच्या तळाला लाल गालिचा असतो, त्याची कड एका बाजूला उसवली होती. त्या उसवलेल्या फटीत बोटभर जाडीचं, चेनचं कापडी पाकीट अडकलेलं होतं.

आधी लिहायचं, मग शोधायचं

पाकीट हातात आल्यावर त्याने ते उघडलं नाही. तसंच बेल कॅप्टनकडे नेलं आणि दोघे मिळून ड्यूटी मॅनेजरकडे गेले. मोजणी तिघांसमोर झाली. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. एकट्याने उघडलेल्या पाकिटातून पुढे शंभर रुपये जरी कमी निघाले, तरी सापडवणाऱ्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला काहीच नसतं. हॉटेलात चोरीचा आळ सगळ्यात आधी येतो तो बेल बॉयवर आणि हाउसकीपिंगच्या पोरावर. त्यामुळे साक्षीदारासमोर मोजणं हे पाहुण्याइतकंच त्या पोराच्याही हिताचं असतं.

आत 10,000 येनच्या चार आणि 1,000 येनच्या तीन नोटा होत्या, म्हणजे 43,000 येन. तेव्हाच्या भावाने साधारण अठ्ठावीस हजार रुपये. थोडी नाणी, एका बाईचा जुना फोटो, आणि दवाखान्याच्या कार्डासारखं दिसणारं एक प्लॅस्टिकचं कार्ड. कार्डावर सगळं जपानी लिपीत. इंग्रजी अक्षर एकही नाही. भारतीय नोट एकही नाही.

लॉस्ट अँड फाउंडच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली: वेळ, जागा, ट्रॉली, सापडवणाऱ्याचं नाव, आतल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन, तिघांच्या सह्या. मग ते लिफाफ्यात घालून, चिकटपट्टीच्या जोडावर सही करून फ्रंट ऑफिसच्या तिजोरीत गेलं. पुष्कळ हॉटेलांत नोंद "एक पाकीट, परकीय चलन" एवढीच होते. मालक दारात उभा राहिला की त्या नोंदीचा काडीचा उपयोग नसतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की नोंद अशी हवी, की पाकीट न बघता फक्त ती वाचून मालकाला चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

इथपर्यंत सगळं चाकोरीतलं. यापुढे चाकोरी सांगते की वस्तू जपून ठेवा, पाहुणा चौकशी करेल तेव्हा द्या. पण परदेशी पाहुण्याच्या बाबतीत ही वाट बघणं म्हणजे वस्तू जवळजवळ बुडाल्यातच जमा. पाहुणा देशाबाहेर गेला की नोटा त्याच्यापर्यंत पोचवायला सरळ मार्ग उरत नाही. कुरिअर कंपन्या रोख रक्कम घेत नाहीत. देशातल्या देशात पोस्टाने नोटा पाठवायच्या तर विमा उतरवूनच पाठवाव्या लागतात, आणि त्यात जाणारे दिवस फिरत्या पाहुण्याच्या हाताशी नसतात. ग्रुप संध्याकाळी मुंबईला जाणार, आजोबा भोपाळला दोन रात्री राहून पुढे निघणार. म्हणजे पाकीट पोचवायचं असेल तर पाहुणा गाडीच्या अंतरावर आहे तोवरच, आणि तो अवधी त्या दुपारपुरता होता.

कायद्याचीही इथे थोडी गाठ पडते. सापडलेल्या वस्तूचा मालक माहीत असताना, किंवा तो शोधण्याचं साधन हाताशी असताना, वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःच्या वापरात घेतली तर तो गुन्हा होतो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं 403 कलम असं सांगत होतं. हॉटेलकडे तर पाहुण्याचा पासपोर्ट, पुढचा मुक्काम, प्रवास कंपनीचा नंबर असं सगळंच असतं. आम्हाला कसं कळणार, असं म्हणायची सोय हॉटेलला नसते.

कुणाचं?

ड्यूटी मॅनेजरचा पहिला अंदाज अगदी स्वाभाविक होता. येन आहेत म्हणजे जपानी. जपानी म्हणजे ग्रुप. ग्रुपचा लीडर वेरूळला आहे, संध्याकाळी चिकलठाणा विमानतळावर येईलच. कुणाला तरी पाठवून लिफाफा त्याच्या हातात द्यायचा की काम झालं. मुलगा म्हणाला, "सर, एकटे आलेले आजोबा पण जपानीच होते. त्यांचं सामान मीच खाली आणलं."

प्रत्येक चेकआउटला बेल बॉय एक एरंड कार्ड भरतो. त्यावर खोली क्रमांक, नगांची संख्या, वेळ आणि गाडीचा नंबर असतो. सकाळची कार्डं काढली. ती ट्रॉली ग्रुपच्या दोन खेपांना वापरली होती आणि एकदा आजोबांसाठी. लॉबीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं, तर ट्रॉली आणि बॅगा स्पष्ट दिसत होत्या. पाकीट पडताना मात्र कुठेच दिसलं नाही. म्हणजे ट्रॉली ठरली, तरी माणूस ठरत नव्हता.

मग त्या मुलाला जे सुचलं ते मी आजही वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला चोवीस तासांच्या आत त्याचा सी फॉर्म ऑनलाइन भरावा लागायचा, आणि त्यासाठी पासपोर्टची प्रत काढून ठेवलेली असायची. जपानी पासपोर्टावर नाव इंग्रजी अक्षरांत छापलेलं असतं, पण त्याच पानावर धारकाची सहीही असते. पुष्कळ जपानी माणसं ती सही आपल्या लिपीत करतात. कार्डावरचं नाव वाचता येत नव्हतं, पण चित्र म्हणून ते जुळवून बघता येणार होतं.

रिसेप्शनच्या मागच्या टेबलावर सगळ्या प्रती मांडल्या. कार्डावरच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे खाली एका रेघेने जोडलेल्या तीन उभ्या रेघा, मधली सगळ्यात उंच. दुसरं अक्षर म्हणजे चौकोन आणि त्यात अधिकचं चिन्ह, चार तावदानांच्या खिडकीसारखं. हाताने केलेल्या सहीत रेघा वळतात, कोपरे गोल होतात, तरी सांगाडा तोच राहतो. तो मुलगा एकेक प्रत कार्डाशेजारी धरून बघत गेला.

पहिलं अक्षर एका सहीशी जुळलं, आणि ती सही ग्रुपमधल्या एका गृहस्थाची होती. मॅनेजर म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" पण मुलाने प्रत खाली ठेवली नाही. त्या सहीत दुसरं अक्षर वेगळं होतं: एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी, दोन्हीकडे उतरलेल्या तिरप्या रेघा आणि बुंध्याशी एक छोटी आडवी रेघ. चौकट कुठेच नव्हती. त्याने उरलेल्या प्रती बघितल्या. शेवटून दुसरी आजोबांची होती. त्यात तीन उभ्या रेघाही होत्या आणि पुढे चार तावदानंही.

जपानी आडनावांत पहिलं अक्षर सारखं आणि दुसरं वेगळं हे सर्रास आढळतं, जसं आपल्याकडे एका नावाचे दोन पाहुणे एकाच दिवशी उतरतात. अर्ध्या जुळणीवर थांबलं असतं तर पाकीट संध्याकाळी विमानतळावर भलत्याच माणसाच्या हातात गेलं असतं. लीडरने ते ग्रुपमध्ये फिरवलं असतं, कुणाचंच नाही म्हटल्यावर ते मुंबईत कुठल्या तरी हॉटेलच्या काउंटरवर राहिलं असतं, आणि आमच्या रजिस्टरमध्ये मात्र "मालकास परत" अशी नोंद झालेली असती. अशा चुकीच्या बंद झालेल्या नोंदी कुणी परत उघडून बघत नाही.

तरीही सही जुळणं हा पुरावा पुरेसा नव्हता. एका नावाची दोन माणसं असू शकतात, आणि न वाचता येणाऱ्या लिपीत नजर फसते. मॅनेजरने रजिस्टरमध्ये लिहिलं, "संभाव्य मालक". हा शब्द पुढे फार कामाला आला.

फोन कुणाला करायचा

सी फॉर्मवर आजोबांचा जपानमधला नंबर होता. भारतातला नंबर नव्हता, त्यांनी इथलं सिम घेतलंच नव्हतं. रिसेप्शनवरची मुलगी जपानचा नंबर लावायला निघाली. तिथे तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले असणार, म्हणजे वेळही बरी होती. मॅनेजरने तिला थांबवलं.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. घरी फोन करून निरोप ठेवला तर बिघडलं काय? पण या धंद्यातला जुना दंडक आहे की राहिलेल्या वस्तूसाठी पाहुण्याच्या घरी आपणहून संपर्क साधायचा नाही. पाहुणा कुठे होता, कुणाबरोबर होता, हे घरी माहीत असेलच असं नाही. इथे तशी काही भानगड असण्याची शक्यता कमी, पण दुसरी अडचण होती. ऐंशीच्या घरातला माणूस परदेशात एकटा फिरतोय, आणि घरी भारतातल्या हॉटेलातून फोन येतो, मोडक्या इंग्रजीत. ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका पाकिटाची येणार नाही. मॅनेजरचा हा निर्णय मला पूर्ण पटतो.

फोन झाला तो दिल्लीच्या प्रवास कंपनीला, जिने बुकिंग केलं होतं. तिथल्या माणसाने ड्रायव्हरचा आणि जपानी बोलणाऱ्या गाइडचा नंबर दिला. गाइडचा फोन लागेना. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या खोल घळीत, घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली आहेत आणि आत शिरलं की तेव्हा रेंज धड मिळत नसे. ड्रायव्हरचा फोन बंद.

आमचा मुलगा सिल्लोड तालुक्यातला. त्याने जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या तिठ्यावर पार्किंगमध्ये ती उभी करावी लागते आणि तिथून सुमारे चार किलोमीटर शटल बसने जायचं असतं. परतायचं तेही तिथेच. म्हणजे तीसभर लेण्यांत आजोबा कुठे आहेत हे शोधायची गरजच नव्हती, त्यांची गाडी सापडली की झालं. गाडीचा नंबर एरंड कार्डावर होता आणि गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीतही. आणि त्या पार्किंगशेजारच्या दुकानांच्या रांगेत त्याचा मावसभाऊ रंगीत दगड आणि स्फटिक विकत होता.

"दादा, पांढरी इटिऑस, एमएच वीस, हा नंबर. ड्रायव्हरला उठवा आणि सांगा, हॉटेलचा निरोप आहे, साहेब खाली आले की त्यांना निघू देऊ नका. मी येतो."

"काय झालं काय पण?"

"काही नाही, सही राहिलीय एक."

हा "सही राहिलीय" निरोप त्याला मॅनेजरनेच सांगितला होता, आणि तसं पाहिलं तर पोचपावतीवरची सही खरंच राहिली होती. पाकीट सापडलंय, आत इतके येन आहेत, हे पार्किंगमध्ये फिरलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला नको. वस्तू काय आहे हे मालकाशिवाय कुणालाही सांगायचं नाही. ड्रायव्हरला नाही, गाइडला नाही, सख्ख्या मावसभावालाही नाही. भावाने गाडी हुडकली. ड्रायव्हर सीट मागे करून झोपला होता, फोनची बॅटरी उतरलेली.

आता नेणार कोण आणि कसं? हॉटेलची गाडी विमानतळाच्या फेरीत अडकली होती. मुलगा म्हणाला, मी एसटीने जातो, जळगावकडची कुठलीही गाडी फर्दापूरला थांबते. मॅनेजरने लिफाफा त्याच्या ताब्यात दिला, गेट पास केला, आणि त्याची अनुपस्थिती लॉगबुकात ड्यूटी म्हणून लिहिली. इथे मात्र माझं मत वेगळं आहे. अठ्ठावीस हजारांची दुसऱ्याची रक्कम घेऊन एकट्या मुलाला गर्दीच्या एसटीत बसवणं मला रुचलेलं नाही. वाटेत खिसा कापला गेला असता तर कोणत्याही गेट पासने त्याला वाचवलं नसतं. भाड्याची टॅक्सी करून बरोबर एक सिक्युरिटीचा माणूस द्यायला हवा होता. मॅनेजरचं म्हणणं, सीझनच्या दिवशी एवढा खर्च आणि दुसरा माणूस कोण मंजूर करणार? खर्चाचं त्याचं बरोबर असेल. जोखीम मात्र पगारात सगळ्यात खालच्या माणसाच्या गळ्यात पडली, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

त्या वर्षी अजिंठ्याचा रस्ता ज्यांनी केला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. चौपदरीकरणासाठी सगळा रस्ता खणून ठेवला होता. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, दर काही किलोमीटरला वळसा आणि धूळ. शंभर किलोमीटरला चार-चार तास लागत. सव्वाबाराला निघालेली एसटी घाट उतरून फर्दापूरला टेकली तेव्हा चार वाजत आले होते. त्याच रस्त्याने आजोबांनाही उशीर केला होता, म्हणून ते अजून तिथे होते. गाडी सकाळी साडेआठला निघून बाराच्या पुढे पोचली, मग सोळा आणि सतरा क्रमांकाच्या लेण्यांत भिंतींवरची चित्रं बघण्यात ते फार वेळ रमले, असं गाइडने नंतर सांगितलं.

"माझं पाकीट माझ्याजवळ आहे"

आजोबा गाडीशेजारी उभे होते. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर कापडी टोपी. मुलगा वाकून नमस्कार करून म्हणाला, सर, तुमचं काही हॉटेलात राहिलं का? गाइडने भाषांतर केलं. आजोबांनी विचार केला, मान हलवली. काही नाही. पाकीट? त्यांनी पँटच्या मागच्या खिशातून एक काळं चामडी पाकीट काढून दाखवलं. माझं पाकीट माझ्याजवळ आहे.

नवखा मुलगा असता तर इथे दोनपैकी एक केलं असतं. एक तर लिफाफा काढून "हे बघा, तुमचंच ना" म्हणून दाखवलं असतं, किंवा हात हलवत परत फिरला असता. त्याने दोन्ही केलं नाही. लिफाफा पिशवीतच ठेवला. आधी दाखवलं की ओळख पटवायला काही उरतच नाही, समोरचा फक्त हो म्हणू शकतो. त्याने खिशातून एक कोरं एरंड कार्ड आणि पेन काढलं आणि गाइडला म्हणाला, "त्यांना त्यांचं नाव त्यांच्या लिपीत लिहायला सांगा. मोठ्या अक्षरात."

आजोबांनी बॉनेटवर कार्ड ठेवून सावकाश लिहिलं. तीन उभ्या रेघा. मग चौकट आणि तिच्यात अधिकचं चिन्ह. पुढे नावाची दोन अक्षरं, तीही कार्डावरच्यासारखीच. मुलाने दवाखान्याच्या कार्डावरचं नाव सकाळी एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं होतं, ती चिठ्ठी त्याने हातात लपवून जुळवली. मग विचारलं, याशिवाय आणखी एखादं पाकीट आहे का तुमच्याकडे, कापडी?

आजोबांनी एकदम गाडीच्या डिकीकडे बघितलं. बॅग उतरवली. बाजूच्या कप्प्याची चेन उघडी होती. भारतात चालणारे रुपये एका पाकिटात आणि घरी पोचल्यावर लागणारे येन दुसऱ्यात, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. ते दुसरं पाकीट मायदेशात उतरेपर्यंत उघडायचंच नव्हतं. त्यामुळे ते हरवल्याचं त्यांना जपानमध्ये विमानतळावर उतरल्यावर कळलं असतं, आणि कुठे हरवलं हे तर कधीच कळलं नसतं. चौकशीचा फोन हॉटेलला आला नसता. "पाहुणा विचारेल तेव्हा देऊ" ही चाकोरी अशा ठिकाणी पूर्ण निकामी ठरते.

मग चार प्रश्न झाले. रंग कोणता, किती येन, आणखी काय. येन त्यांनी "चाळीस हजारांच्या वर" सांगितले, नेमका आकडा आठवला नाही. फोटोचं मात्र लगेच सांगितलं: पत्नीचा, समुद्राकाठचा, एक कोपरा दुमडलेला. रजिस्टरच्या नोंदीत "कोपरा दुमडलेला" हे शब्द होते. मुलाने लिफाफा काढला, जोडावरच्या सह्या अखंड आहेत हे गाइडला दाखवलं आणि आजोबांकडून फोडून घेतला. आजोबांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि ते न मोजताच आत ठेवायला लागले. मुलगा म्हणाला, मोजा. त्यांना ते अपमानासारखं वाटलं, ते नको नको म्हणत राहिले. गाइडने समजावलं की हे याच्या कागदासाठी आहे. तेव्हा त्यांनी मोजलं आणि पोचपावतीवर सही केली, त्याच लिपीत.

त्यातल्याच 1,000 येनच्या तीन नोटा त्यांनी पुढे केल्या. मुलाने हात मागे घेतला. आजोबा गाइडशी बराच वेळ बोलले. जपानच्या कायद्यात सापडवणाऱ्याला किमतीच्या 5 ते 20 टक्के मोबदला मागण्याचा हक्क आहे. त्यांच्या दृष्टीने ही बक्षिसी नव्हती, ते देणं होतं, आणि देणं फेडल्याशिवाय त्यांना गाडीत बसायचं नव्हतं. आपल्याकडे उलट आहे. 1872 च्या करार कायद्याचं 168 वं कलम म्हणतं की मालकाला शोधण्यासाठी स्वखुशीने घेतलेल्या कष्टाची आणि खर्चाची भरपाई दावा लावून मागता येत नाही. मालकाने आधीच बक्षीस जाहीर केलं असेल तरच त्यासाठी दावा लावता येतो. मुलाने मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरने सांगितलं, "घे. आल्यावर टिप रजिस्टरला लिही." त्याने घेतल्या.

वर्गात हे सांगितलं की दरवेळी कुणीतरी म्हणतं, नाकारायला हवं होतं, मग गोष्ट जास्त शोभली असती. मला हे अजिबात मान्य नाही. बेल बॉयचा पगार तुटपुंजा असतो, टिप हा त्याच्या मिळकतीचा भाग असतो, आणि त्याने दिवसभर धूळ खाल्ली होती. वाईट ठरलं असतं ते न सांगता घेणं. फोन करून, नोंदवून, पाहुण्याच्या आग्रहाखातर घेतलेले ते पैसे स्वच्छ होते. शिवाय त्या वयाच्या माणसाला त्याच्या रीतीप्रमाणे ऋणमुक्त होऊ देणं हाही पाहुणचारच आहे.

आजोबा जळगावच्या वाटेला लागले. साठेक किलोमीटर, गाडी रात्रीची, वेळ पुरेसा होता. मुलगा मावसभावाच्या दुकानात चहा पिऊन उलट एसटीत बसला आणि रात्री नऊनंतर हॉटेलात पोचला. पोचपावती रजिस्टरला चिकटवली, "संभाव्य मालक" मधला "संभाव्य" खोडून शेजारी मॅनेजरने सही केली.

हॉटेलने पुढे दोन गोष्टी बदलल्या. ट्रॉलीचा गालिचा प्रत्येक खेपेनंतर उचलून बघायचा आणि तशी खूण एरंड कार्डावर करायची, हा नियम झाला. तो अजूनही पाळला जातो. दुसरं, चेकआउटच्या वेळी बेल बॉयने पाहुण्याच्या देखत बॅगांच्या बाहेरच्या कप्प्यांच्या चेन लागल्या आहेत का हे बघायचं. हे काही टिकलं नाही. सकाळी आठच्या गर्दीत चाळीस बॅगा लॉबीत असताना कुणालाही ते जमत नाही, आणि आपल्या बॅगेला कुणी सारखा हात लावतोय हे पाहुण्यांनाही आवडत नाही. त्याऐवजी आता पोर्टरकडे सामान देण्याआधीच रिसेप्शनवरून सांगतात की बाजूच्या कप्प्यात पैसे किंवा कागद ठेवू नका. एसटीच्या तिकिटाचे पैसे त्या मुलाला पेटी कॅशमधून मिळाले, पण त्यासाठी त्याला तिकीट जोडून अर्ज करावा लागला.